फ्लशचे हँडल सैल पडल्यास टाकीतील साखळी किंवा आकडा पुन्हा कसा जोडावा

फ्लशचे हँडल दाबल्यावर ते हाताला एकदम हलके लागते, खाली लोंबकळत राहते आणि भांड्यात पाण्याचा थेंबही पडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा टाकी बिघडलेली नसते. हँडल आणि टाकीच्या तळातील झडप यांना जोडणारा दुवा सुटलेला किंवा तुटलेला असतो. हा दुवा म्हणजे काही टाक्यांत छोटी साखळी असते, तर काहींत तारेचा किंवा प्लास्टिकचा आकडा. तो पुन्हा जोडण्यासाठी प्लंबरची वाट पाहण्याची गरज सहसा पडत नाही. एक पक्कड, एक पाना आणि जुना टॉवेल एवढ्यावर हे काम अर्ध्या तासात उरकते. टाकीतले पाणी नळातून आलेले स्वच्छ पाणी असते, त्यामुळे त्यात हात घालण्याची किळस बाळगण्याचे कारण नाही.

झाकण उघडण्यापूर्वी हँडल दोन-तीनदा सावकाश दाबून पाहावे, कारण बिघाड कोठे आहे हे हाताला लागणाऱ्या जोरावरून बरेचसे कळते. हँडल अजिबात जोर न लागता खाली जात असेल, तर आतला दुवा सुटला आहे. हँडल स्वतःच्या जागेवर डगमगत असेल, गोल फिरत असेल किंवा टाकीपासून थोडे बाहेर ओढले जात असेल, तर ते धरून ठेवणारा आतला नट ढिला झाला आहे. हँडल नेहमीसारखे जड लागते, आत काहीतरी उचलले गेल्याचेही जाणवते, पण पाणी मात्र वाहत नाही, असे असेल तर दुवा शाबूत आहे आणि दोष दुसरीकडे आहे. त्याचा विचार शेवटी केला आहे. टाकीत पाणीच नसेल तरीही हँडल दाबून काही होत नाही. ज्या इमारतींत पाणी ठरावीक वेळेपुरतेच येते, तेथे ही शक्यता आधी तपासलेली बरी.

टाकी उघडणे आणि पाणी थांबवणे

टाकीखाली किंवा तिच्या बाजूला भिंतीतून आलेल्या नळीवर अँगल कॉक असतो. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करावा. तो बरीच वर्षे हलवलेला नसेल आणि घट्ट बसला असेल तर पक्कड लावून जबरदस्ती करू नये, कारण जुन्या कॉकची दांडी मोडली तर लहानसे काम इमारतीचे पाणी बंद करण्यापर्यंत जाते. अशा वेळी झाकण काढल्यावर टाकीच्या काठांवर एक काठी आडवी ठेवावी आणि बॉलकॉकचा फुगा वर उचलून सुतळीने तिला बांधावा. फुगा वर राहिला की पाणी आत येणे आपोआप थांबते.

चिनी मातीचे झाकण दोन्ही हातांनी सरळ वर उचलावे आणि जमिनीवर टॉवेल अंथरून त्यावर आडवे ठेवावे. ते कमोडच्या सीटवर किंवा बेसिनच्या कडेवर टेकवून ठेवण्याचा मोह टाळावा. नुसते झाकण बाजारात मिळवणे टाकीच्या आतील कोणत्याही भागापेक्षा अवघड असते. प्लास्टिकच्या टाकीचे झाकण कधीकधी कडेच्या खाचांत अडकवलेले असते, ते एका बाजूने हळूच सोडवावे.

आता आत डोकावल्यावर दोनपैकी एक रचना दिसेल. तळाच्या मध्यभागी रबराची गोल झडप आणि तिला बांधलेली साखळी दिसली, तर ती फ्लॅपरची टाकी होय. त्याऐवजी मधोमध प्लास्टिकचा उंच, उलट्या पेल्यासारखा किंवा वाकलेल्या नळीचा भाग दिसला आणि त्यातून एक दांडी वर आलेली असली, तर ती सायफनची टाकी होय. आपल्याकडच्या भिंतीवर लावलेल्या जुन्या प्लास्टिक टाक्या बऱ्याचदा सायफनच्या असतात, तर कमोडला जोडूनच येणाऱ्या चिनी मातीच्या, पुढच्या बाजूला हँडल असलेल्या टाक्यांत साखळी आढळते. झाकणावर बटणे असलेल्या टाक्यांची आतली रचना वेगळी असते; हा लेख त्यांच्यासाठी नाही.

साखळी पुन्हा जोडताना

कमोडला जोडलेली, पुढे डाव्या बाजूला हँडल असलेली टाकी उदाहरणादाखल घेऊ. हँडल लोंबकळते आहे, झाकण काढल्यावर साखळी तळाशी पडलेली दिसते, तिचे एक टोक फ्लॅपरला पक्के आहे आणि दुसऱ्या टोकाचा तारेचा आकडा गंजून तुटला आहे. हँडलपासून आत गेलेल्या लांब पट्टीला टोकाकडे तीन-चार भोके आहेत.

प्रथम हाताने फ्लॅपर उचलून टाकी रिकामी करून घ्यावी, म्हणजे तळ नीट दिसतो आणि हात बाहीपर्यंत भिजत नाही. मग पट्टीचे असे भोक निवडावे, जे फ्लॅपरच्या जवळजवळ सरळ वर येते. साखळी तिरपी ओढली गेली तर फ्लॅपर एका कडेने उचलला जातो आणि परत बसताना वाकडा बसतो.

साखळी किती लांब ठेवायची, यातच या कामाची खरी मेख आहे. फ्लॅपर पूर्ण बंद असताना आणि हँडल विसाव्याच्या स्थितीत असताना साखळी त्या भोकापर्यंत ताठ ओढून पाहावी. जी कडी भोकाशी येईल, तिच्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर पुढची, म्हणजे मोकळ्या टोकाकडची कडी आकड्यात घ्यावी. त्यामुळे साखळीला एक ते दीड सेंटिमीटरची ढील मिळते. ढील मुळीच नसेल तर साखळी फ्लॅपरला किंचित वर धरून ठेवते, झडप पूर्ण बसत नाही आणि दिवसरात्र पाणी झिरपत राहते. ढील फार असेल तर हँडलची निम्मी हालचाल साखळी ताठ करण्यातच संपते; फ्लॅपर जेमतेम उचलला जातो आणि हँडल सोडताच परत पडतो. हँडल दाबून धरले तरच फ्लश होतो, अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या टाकीत बहुधा हाच दोष असतो. लांब साखळीचा आणखी एक उपद्रव म्हणजे तिचा सैल भाग फ्लॅपरखाली जाऊन अडकतो आणि टाकी भरतच नाही. म्हणून आकडा लावल्यावर उरलेले शेपूट दोन-तीन कड्यांपुरते ठेवून बाकीचे पकडीने कापून टाकावे.

तुटलेल्या आकड्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी आकडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रात्रीपुरती सोय म्हणून नायलॉनची जाड दोरी किंवा प्लास्टिकचा केबल टाय चालतो आणि तो बराच काळ टिकतोही. बांधकामाची लोखंडी तार मात्र वापरू नये. ती पाण्यात गंजते आणि हेच काम पुन्हा करावे लागते.

हँडलचा नट

साखळी जागेवर असूनही हँडल डगमगत असेल, तर टाकीच्या आतून हँडलच्या मुळाशी असलेला नट पाहावा. येथे एक गोष्ट अनेकांना फसवते. पुढे हँडल असलेल्या बऱ्याच टाक्यांत या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे आतून पाहताना तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर घट्ट होतो. हँडल रोज दाबताना नेहमीच्या आट्यांचा नट हळूहळू सुटत गेला असता, म्हणून ही योजना असते. सगळ्या टाक्यांत ती नसते. त्यामुळे नट आधी दोन्ही दिशांना बोटांनी अगदी थोडा फिरवून पाहावा आणि ज्या दिशेने तो टाकीच्या भिंतीकडे सरकतो, ती घट्ट करण्याची दिशा समजावी.

बाहेरून एका हाताने हँडल आडवे धरून ठेवावे, नट बोटांनी बसेल तेवढा बसवावा आणि नंतर पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. चिनी मातीच्या टाकीवर याहून जास्त जोर लावल्यास भोकापासून तडा जातो आणि मग टाकीच बदलावी लागते. नट बसल्यावर हँडल सोडून पाहावे. ते स्वतःच्या वजनाने परत आले पाहिजे. ते मध्येच अडकत असेल तर नट जरा जास्तच आवळला गेला आहे किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार मुळाशी साचले आहेत. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तेथे काही वेळ गुंडाळून ठेवावे आणि जुन्या टूथब्रशने घासावे, म्हणजे क्षार सुटतात.

सायफनच्या टाकीतला आकडा

सायफनच्या टाकीत लांबीचा हिशेब फारसा करावा लागत नाही. हँडलच्या पट्टीचे टोक आणि सायफनची वर आलेली दांडी यांना इंग्रजी ‘सी’ किंवा ‘एस’ आकाराचा आकडा जोडतो. तो निसटला असेल तर दांडीच्या भोकात आधी अडकवावा, पट्टी हाताने थोडी खाली करून दुसरे टोक पट्टीत घालावे आणि उघडी तोंडे पकडीने थोडी दाबून घ्यावीत, म्हणजे तो उडी मारून पुन्हा निसटत नाही. तुटला असेल तर जुना आकडा दुकानात सोबत न्यावा, कारण त्याची लांबी टाकीनुसार बदलते. पट्टी ज्या दांड्यावर बसवलेली असते, तेथे बऱ्याचदा एक छोटा स्क्रू असतो; तो ढिला झाला की हँडल फिरते, पण पट्टी जागची हलत नाही. आकडा शाबूत असेल तर हा स्क्रू आवर्जून पाहावा.

आकडा नीट आहे, हँडल जड लागते आणि तरीही तीन-चार वेळा पंपासारखे हापसल्याशिवाय फ्लश होत नाही, असे असेल तर आधी पाण्याची पातळी पाहावी. सायफन सुरू होण्यासाठी पाणी टाकीच्या आतील खुणेपर्यंत चढलेले लागते. पातळी ठीक असेल, तर सायफनच्या आतील पातळ पडदा फाटला आहे, हे जवळजवळ नक्की समजावे. हँडलने वर उचलले जाणारे पाणी त्या फाटक्या जागेतून परत खाली निसटते. पडदा स्वस्त असतो, पण तो बदलण्यासाठी बऱ्याच टाक्यांत खालचा मोठा नट खोलून सायफन पूर्ण बाहेर काढावा लागतो आणि परत बसवताना तेथून गळती लागण्याची शक्यता असते. हे काम प्लंबरकडे सोपवणे शहाणपणाचे आहे.

तपासणी

अँगल कॉक उघडून टाकी भरू द्यावी आणि झाकण न ठेवता दोनदा फ्लश करून पाहावे. पट्टी वर जाताना बॉलकॉकच्या फुग्याला किंवा नळीला घासत नाही ना, हे या वेळी दिसते. नंतर झाकण ठेवून पुन्हा एकदा फ्लश करावा. आधी ठीक चाललेले हँडल आता अडकत असेल, तर पट्टीचे टोक झाकणाला आतून लागते आहे आणि ती किंचित खाली वाकवावी लागेल.

फ्लॅपरच्या टाकीत शेवटी खाण्याच्या रंगाचे काही थेंब पाण्यात टाकावेत आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला तर झडप पूर्ण बसलेली नाही. साखळीला आणखी एका कडीची ढील द्यावी आणि हीच परीक्षा पुन्हा करावी. तरीही रंग उतरत राहिला तर रबर कडक झालेले किंवा वाकलेले असते आणि फ्लॅपरच बदलावा लागतो. टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठेवण्याची सवय असलेल्या घरांत रबर लवकर खराब होते, त्यामुळे नवा फ्लॅपर बसवल्यावर त्या गोळ्या बंद कराव्यात.