गाण्याचं सायटेशन: आधी ठरवा, तुम्ही नेमकं काय ऐकलंय

एमएच्या डेझर्टेशनला गाणी घेतली की पहिल्या ड्राफ्टमध्ये हमखास "सुधीर फडके, गीतरामायण, यूट्यूब" एवढंच लिहिलेलं असतं आणि गाइड त्याला लाल गोल करतात. आमच्या बॅचमध्ये निम्म्या लोकांचं असंच होतं. एमएलए, एपीए, शिकागो या सायटेशन स्टाइल्सचे नियम पाठ करत बसण्यापेक्षा आधी एक गोष्ट ठरवा: तुमचा मुद्दा शब्दांवर आहे, आवाजावर आहे की रेकॉर्डिंगवर? कारण गीतरामायण म्हणजे एक वस्तू नाहीच.

बघा, 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, एकूण 56. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, पण रेडिओवर गायले वेगवेगळे गायक-गायिका. पुढे शब्द पुस्तकात छापले गेले, आणि सगळी गाणी फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात एचएमव्हीच्या रेकॉर्डवर आली. आज आपण बहुतेक जण ऐकतो ते हे शेवटचं. तीन वेगळे सोर्स झाले ना.

"सावळा ग रामचंद्र" घ्या. गाणं कौसल्येच्या तोंडी आहे आणि रेडिओवर ते ललिता फडक्यांनी गायलं होतं. आता समजा तुमचा पेपर जेंडर आणि आवाजावर आहे आणि तुम्ही लिहिलंत की "आईचं वात्सल्य इथे पुरुषाच्या आवाजातून येतं". रेकॉर्डबद्दल हे बरोबर, पण पुढे "1955 च्या श्रोत्यांवर त्याचा परिणाम" असं जोडलंत की मुद्दा कोसळला, कारण त्या श्रोत्यांनी बाईचा आवाज ऐकला होता. म्हणजे सायटेशनमधलं वर्ष चुकलं की नुसता फॉरमॅट जात नाही, आर्ग्युमेंटच जातं.

मग लिहायचं कसं? एमएलएमध्ये पहिलं नाव कोणाचं हे तुमच्या फोकसवर ठरतं. आवाजाबद्दल बोलत असाल तर असं:

फडके, सुधीर, गायक आणि संगीतकार. "सावळा ग रामचंद्र." गीतरामायण, गीतकार ग. दि. माडगूळकर, एचएमव्ही, (तुमच्या प्रतीवरचं वर्ष).

शब्दांबद्दल असेल तर माडगूळकरांचं नाव आधी, आणि खरं सांगायचं तर मग छापील पुस्तकच साइट करा, पान नंबरासकट. लिरिक्सच्या वेबसाइटवर गाणं शोधायला जा जरूर, पण ओळ कोट करायला नको, तिथे ऱ्हस्व-दीर्घ आणि कडव्यांचा क्रम दोन्हींचा भरवसा नाही. रेकॉर्डिंगमधली एखादी जागा दाखवायची असेल, म्हणजे एखादी हरकत किंवा मधलं म्युझिक, तर कंसात पानाऐवजी वेळ येते, उदाहरणार्थ (फडके 00:02:10–24).

सगळ्यात जास्त डोकं खातं ते वर्ष. ॲपवर जे वर्ष दिसतं ते बऱ्याचदा डिजिटल री-रिलीजचं असतं, त्यामुळे साठच्या दशकातलं गाणं बिनधास्त 2000 नंतरचं होऊन बसतं. गोलात C असलेली खूण छापील मजकूर आणि कव्हरच्या कॉपीराइटची, गोलात P असलेली रेकॉर्डिंगची; आपल्याला ही दुसरी बघायची. तरी तीही री-रिलीजचं वर्ष दाखवू शकते, म्हणून रेकॉर्डच्या किंवा कॅसेटच्या लेबलचा फोटो मिळवा आणि त्यावरचा कॅटलॉग नंबर टिपून ठेवा. कुणाच्या आजोबांकडे असतंच हो! कंपनीचं नावही तेच लिहा जे तुमच्या प्रतीवर आहे. एचएमव्हीचं पुढे सारेगामा झालं, म्हणून जुन्या लेबलवर सारेगामा लिहू नका. ॲपवरच ऐकलं असेल तर ॲपचं नाव लिहा, लपवायचं काय त्यात.

एपीएवाल्यांसाठी एवढंच, की जुनी रचना नंतर कुणी नव्याने रेकॉर्ड केली असेल तर मूळ वर्षही द्यावं लागतं, दोन्ही वर्षं तिरक्या रेघेने. आणि रेडिओवरचं मूळ प्रसारण तुम्ही ऐकलं नसेल तर ते ऐकल्यासारखं यादीत टाकू नका. ललिता फडक्यांची माहिती ज्या पुस्तकातून घेतली, ते पुस्तक द्या.

ओळी किती कोट करायच्या हा प्रश्न सगळे विचारतात. गदिमा 1977 ला गेले, भारतात शब्दांचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2037 संपेपर्यंत चालू. संशोधन आणि समीक्षेसाठी कायद्यात सूट आहे, पण अख्खं गाणं परिशिष्टात चिकटवलं तर ती सूट ताणल्यासारखं होतं. दोन ओळी, लगेच त्यांचं विश्लेषण, असं ठेवा. जर्नलला पाठवताना प्रकाशक वेगळी लेखी परवानगी मागू शकतो, त्यामुळे हक्क कोणाकडे आहेत ते आधीच शोधून ठेवा, कारण त्या मेलचं उत्तर यायला वेळ लागतो.