गरोदरपणातील लिस्टेरिया : फ्रिजवर विसंबून होणाऱ्या या चुका टाळा

‘पण ते तर फ्रिजमध्येच होते!’ सांगली-मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की सर्वांत आधी याच चुकीबद्दल लिहितो. फ्रिजमध्ये बहुतेक जिवाणूंची वाढ थंडावते. अन्नातून पोटात जाणाऱ्या लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस या जिवाणूची थांबत नाही. चार अंश सेल्सिअसला त्याची संख्या साधारण दीड-दोन दिवसांत दुप्पट होते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, दार सारखे उघडले जाते आणि आतले तापमान सहज आठ-दहा अंशांवर पोहोचते. तेव्हा दिवसातून दोनदा दुप्पट होणेही त्याला जड नसते. या हिशेबाने एका ग्रॅममधले दहा जिवाणू पाच दिवसांत दहा हजारांच्या घरात जातात. पदार्थाला वास येत नाही, चवही बदलत नाही. हुंगून ‘चांगले आहे’ ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

धोका आहे तो थंडच खाल्ल्या जाणाऱ्या तयार पदार्थांचा : सुटे पनीर, मऊ चीज, कापून ठेवलेली फळे, कोशिंबीर, सँडविचमधले थंड मांसाचे काप. पनीर करताना दूध उकळते आणि जिवाणू मरतात, हे खरे. पण नंतर तेच पनीर ओल्या फडक्यात दाबले जाते, सुरीने कापले जाते आणि पाण्याच्या डब्यात ठेवले जाते. जिवाणू शिरतो तो तिथे. फ्रीझरनेही तो मरत नाही, कोमट केल्यानेही नाही. माझ्या घरी गरोदर बाई असेल, तर विकतचे पनीर आतपर्यंत वाफ येईल इतके गरम केल्याशिवाय तिच्या ताटात जात नाही, आणि ‘प्रथिनांसाठी’ कच्च्या पनीरवर चाट मसाला भुरभुरून खाण्याची टूम मला अजिबात पसंत नाही.

दुसरी चूक डॉक्टर आणि घरचे मिळून करतात : गरोदर बाईच्या तापाला ‘व्हायरल’ म्हणून मोकळे होणे. तासगावकडची एक बाई, सातवा महिना संपलेला. दोन दिवस ताप, अंगदुखी, कंबर धरलेली. जुलाब नाहीत, म्हणून खाण्याबद्दल कोणी विचारलेच नाही. पॅरासिटामॉल देऊन तिला घरी पाठवले. ताप उतरला, पण बाळाची हालचाल मंदावली आणि पुढे अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली. गर्भजल हिरवट होते. इतक्या अपुऱ्या दिवसांत बाळाने पोटात शी करणे सहसा घडत नाही, त्यामुळे त्या रंगानेच संशय यायला हवा. बाळाला श्वास घेणे जड जात होते. त्याचे रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी, आमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी ग्रॅम-पॉझिटिव्ह बारीक काड्या, म्हणजे काडीच्या आकाराचे जिवाणू, दिसल्या आणि तंत्रज्ञाने ‘त्वचेवरील जिवाणू, नमुना दूषित’ असे लिहून अहवाल जवळजवळ पाठवलाच होता. मी रक्तमिश्रित माध्यमाची ताटली उजेडासमोर धरली. जिवाणूंच्या वसाहतींखाली रक्त विरघळल्याची अरुंद कडा होती. खोलीच्या तापमानाला वाढवून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर काड्या कोलांट्या घेत होत्या. त्वचेवरचे ते निरुपद्रवी जिवाणू असे हलत नाहीत. बाळाला तोवर केवळ सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक चालू होते, आणि ते ज्या सेफालोस्पोरिन गटातले, त्या गटाचा लिस्टेरियावर परिणाम होत नाही. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू झाल्यावर बाळ सावरले. घाईने ‘दूषित’ लिहिणाऱ्यांना मी आजही ही ताटली आठवायला सांगतो.

घरच्यांनी शेवटचे जेवण आठवून पाहिले, तेही व्यर्थ होते. गरोदरपणात खाणे आणि आजार यांत अनेक आठवडे, क्वचित दोन महिन्यांहून अधिक काळ जाऊ शकतो. तपासायला पदार्थ उरतोच कुठे? म्हणून विचारावे ते गेल्या दोन महिन्यांतले. आईला मामुली ताप येतो, पण जिवाणू रक्तातून वारेत आणि तिथून बाळात शिरतो. 1985 साली कॅलिफोर्नियात मऊ चीजमधून पसरलेल्या साथीत 142 रुग्णांपैकी 93 माता-बाळांशी संबंधित होते, यावरून त्याचा रोख कुणावर आहे ते कळते.

शौच तपासून निदानाला मदत होत नाही. गरोदर बाईला कारण न सापडणारा ताप असेल, तर प्रतिजैविक देण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यावे. कच्च्या दुधाबद्दल एकच ओळ : उकळा.

आणि बाळ सुखरूप जन्मले म्हणून दुर्लक्ष नको. या रोगाचा उशिरा येणारा प्रकार पहिल्या आठवड्यानंतरही, बहुधा मेंदूज्वराच्या रूपाने दिसतो. दोन-तीन आठवड्यांचे बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले किंवा तापले, तर बाळगुटी देत बसू नये; त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि आईला गरोदरपणी ताप आला होता का, हे आपणहून सांगावे.