लटकत्या दिव्याचा फोटो: पेटलेला दिसावा, जळलेला नको

जेवणाच्या टेबलावर टांगलेला पितळी डोमचा दिवा विक्रीसाठी टिपायचा आहे. एकाच फोटोत खोली नीट आली, तर डोमचा आतला भाग जळून पांढरा होतो. तो सावरला, तर खोली काळी पडते. म्हणून तीन फोटो काढून जोडायचे.

आधी पंखा बंद करा. दिवा बोटभर जरी डुलला, तरी चार सेकंदांच्या फोटोत त्याची कड पुसट होते. ट्यूबलाइटही बंद ठेवा, आणि वेळ तिन्हीसांजेची धरा, खिडकीत थोडा निळा उजेड असतानाची.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून ISO 100, f/8 आणि मॅन्युअल फोकस लावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. बल्ब 2700 K चा असेल तर 3200 K ठेवा, म्हणजे पिवळसर ऊब टिकते. मग टायमरवर तीन फोटो घ्या: खोलीसाठी साधारण 4 सेकंद, टेबलासाठी 1/2 आणि बल्बसाठी 1/50. हे आकडे सुरुवातीपुरते, पुढे हिस्टोग्राम बघून बदला. मात्र 1/100 पेक्षा वेगवान शटर टाळा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात.

चौथा फोटो बरेच जण विसरतात. अपारदर्शक डोमच्या बाहेरच्या अंगावर त्याचा स्वतःचा उजेड पडतच नाही, त्यामुळे ज्या पितळेचे पैसे मागायचे तेच काळपट दिसते. दिवा विझवा, बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून खिडकीचा उजेड डोमवर वळवा आणि एक फोटो घ्या. पितळेत तुमचं प्रतिबिंब दिसत असेल तर पत्रा सरकवा.

आता जोडणी. खाली 1/2 सेकंदाचा फोटो, त्यावर बाकीचे लेयर काळ्या मास्कसह. मऊ ब्रशने मास्कमधून हवा तेवढाच भाग उघडा: 4 सेकंदांतून कोपरे, चौथ्यातून डोमची पाठ, 1/50 मधून डोमचा आतला भाग. हा शेवटचा लेयर 60–70 टक्क्यांवरच ठेवा. बल्बचा गाभा पांढराच राहू द्या. तो राखाडी झाला की दिवा चिकटवल्यासारखा दिसतो.

ब्रशने वरून पिवळं वलय काढायचा मोह होतो. त्याआधी हिशोब करा. डोमची त्रिज्या 15 सेंमी आणि बल्ब कडेपासून 10 सेंमी आत असेल, तर 2 मीटरवरच्या भिंतीवर थेट उजेड बल्बच्या पातळीखाली सुमारे 133 सेंमीवर सुरू होतो. त्याच्या वर फक्त टेबलावरून परतलेला मंद उजेड असतो. तिथे तेजस्वी गोल काढलात, तर बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण फोटो खोटा आहे हे कळतं.