ताळेबंद जुळला, तरी नफा चुकला: समायोजनातल्या या चुका टाळा

बेळगावात शहापूरच्या एखाद्या साडी दुकानाची तेरीज घ्या. 31 मार्चला ऋणको 84,000 रुपये, बुडीत कर्ज 1,500 आणि जुना संशयित कर्ज निधी 3,000. खाली समायोजना दिल्यात: आणखी 4,000 रुपये बुडीत धरा, ऋणकोंवर 5 टक्के संशयित कर्ज निधी ठेवा आणि 2 टक्के सवलत निधी करा.

इथे क्रम चुकतो. बरेच जण 84,000 वरच 5 टक्के काढतात. आधी नवीन बुडीत 4,000 वजा करा, उरतील 80,000. त्यावर निधी 4,000. सवलत मात्र 80,000 वर नाही, 76,000 वर, म्हणजे 1,520. कारण साधं आहे: जो पैसे बुडवण्याची शक्यता आहे, तो वेळेत भरून सवलत कशाला घेईल? ताळेबंदात ऋणको 74,480 येतात.

नफातोटा खात्यात जुनं बुडीत 1,500, नवीन बुडीत 4,000 आणि नवा निधी 4,000 मिळवून त्यातून जुना निधी 3,000 वजा करा. 6,500 खर्च पडतो, सवलत निधीचे 1,520 वेगळे. जुना निधी वजा करायला विसरलात, तर गेल्या वर्षी एकदा सोसलेला तोटा यंदा पुन्हा सोसता.

तेरजेतले 1,500 ऋणकोंतून पुन्हा वजा करणं ही दुसरी नेहमीची चूक. ते आधीच वजा होऊन 84,000 उरलेत. ही चूक लगेच सापडते, ताळेबंदात नेमका 1,500 चा फरक पडतो. क्रमाची चूक मात्र सापडत नाही. निधी चुकीच्या रकमेवर काढला, तरी दोन्ही बाजूंना तीच रक्कम जाते आणि ताळेबंद खुशाल जुळतो. म्हणून जुळला की झालं, असं समजू नका.

आगाऊ खर्चात महिने मोजताना घोळ होतो. वहीपूजन दिवाळीत केलं, तरी हिशेब 31 मार्चलाच संपतो. 1 जुलैला वर्षभराचा विमा 6,000 भरला, तर मार्चअखेर नऊ महिने संपले, आगाऊ राहिले तीन. 1,500 विम्याच्या खर्चातून वजा करून ताळेबंदात मालमत्तेकडे दाखवा.

अदत्त खर्च याच्या उलट: मार्चचा 7,000 पगार देणं राहिला, तर पगारात मिळवा आणि देयतेकडेही दाखवा. मजुरी असेल तर ती व्यापार खात्यात मिळवायची, नफातोट्यात नाही. पण ‘अदत्त पगार’ समायोजनेत नसून तेरजेतच दिसला, तर तो फक्त ताळेबंदात जातो, पगारात पुन्हा मिळवायचा नाही. दुकानात याचा फटका एप्रिलमध्ये बसतो. ते 7,000 रोख देताना पगार खातं नावे केलं, की तोच पगार नव्या वर्षातही खर्चाला पडतो. नावे करायचं ते अदत्त पगार खातं.