जॅममध्ये आणि सिग्नलला गाडी सगळ्यात जास्त प्रदूषण का करते? या चुका टाळा

गाडी उभी आहे, रेस पण देत नाहीये, मग धूर असा किती होणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. आणि तासाच्या हिशोबात बघितलं तर ते खरंच वाटू शकतं, कारण १२०० सीसीची साधी पेट्रोल कार नुसती उभी राहून तासाला ०.६ ते ०.८ लिटर पेट्रोल पिते आणि तीच कार ५० च्या स्पीडने पळताना तासाला अडीच लिटरच्या आसपास. पण आपण गाडी घेऊन निघतो ते कुठेतरी पोहोचायला, त्यामुळे हिशोब किलोमीटरमागे करायला हवा, आणि तिथे सगळं चित्र उलटं होतं.

एक किलोमीटर नीट मांडून बघू. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या ५० च्या स्पीडने ही कार लिटरला २० चा ॲव्हरेज देते असं धरा, म्हणजे किलोमीटरला ५० मिली पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे इथे झाला ११५ ग्रॅम. आता तोच किलोमीटर जॅममध्ये, कधी सरकत कधी थांबत, १० मिनिटांत. इंजिन पूर्ण १० मिनिटं चालू, तासाला ०.७ लिटर धरलं तर फक्त स्वतःला फिरतं ठेवायला त्याने ११५ मिलीच्या वर पेट्रोल घेतलं, आणि हे गाडी एक इंचही हलवण्याआधीचं आहे. गाडी पुढे ढकलायला आणि पंधरावीस वेळा परत परत उचलायला आणखी २० ते २५ मिली. झाले १४० मिली, म्हणजे ३२० ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ तिप्पट. एसी चालू असेल तर चौपटीपर्यंत जातं. गाडी तीच, इंजिन तेच, रस्ताही तेवढाच लांब, फक्त वेळ वाढला, आणि त्या वेळात इंजिनच्या आतलं घर्षण, ऑइल पंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं किलोमीटर पुढे सरकतोय की नाही हे न बघता खात राहतं. पूर्ण थांबलेल्या गाडीचं किलोमीटरमागचं प्रदूषण तर काढताच येत नाही, कारण भागायला किलोमीटरच शून्य.

पहिली चूक: परत स्टार्ट करायला जास्त पेट्रोल लागतं म्हणून गाडी चालूच ठेवणे

ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे, तेव्हा चोक ओढा, दोनतीनदा स्टार्टर मारा असं असायचं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचं इंजिन गरम असेल तर स्टार्ट करायला जेवढं पेट्रोल लागतं ते साधारण १० सेकंद आयडलिंगएवढंच, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवण्याएवढंच असतं. दोन मिनिटांच्या सिग्नलला गाडी चालू ठेवली तर २३ मिलीच्या आसपास जातं, तेवढ्यात हीच कार मोकळ्या रस्त्यावर जवळपास अर्धा किलोमीटर गेली असती. म्हणून सिग्नलवर काउंटर दिसत असेल आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बाकी असेल तर बंद करा, पाचसहा सेकंद असतील तर राहू द्या. थोड्या वेळात धुरातले विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार होईल ही भीतीही नको, एकदा व्यवस्थित तापल्यावर तो मिनिटा दोन मिनिटांत निकामी होण्याइतका थंड होत नाही.

पण काही ठिकाणी मात्र बंद करू नका. गाडी सरकत असताना तर कधीच नाही, कारण ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग इंजिनच्या जोरावर असतात. चढावर उभे असाल, बॅटरी दमलेली असेल, सकाळी पहिला सिग्नल आहे आणि इंजिन अजून गरमच झालं नाहीये, अशा वेळी चालू राहू द्या. गाडीत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारं ऑटो स्टार्ट स्टॉप असेल तर ते याच गोष्टी बघून ठरवतं, त्यामुळे ते बंद होत नाहीये म्हणजे बिघडलंय असं लगेच समजू नका, बऱ्याचदा एसीचा लोड किंवा बॅटरीचा चार्ज हेच कारण असतं.

दुसरी चूक: समोर दहा फूट जागा झाली की झटक्यात पुढे जाऊन ब्रेक मारणे

जॅममधलं माणसाच्या हातातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे असं माझं मत. स्पीड दुप्पट केला की गाडीत घालावी लागणारी एनर्जी चौपट होते, म्हणजे १० च्या ऐवजी २० पर्यंत उसळी घेतली तर चारपट, आणि पुढच्याच क्षणाला ब्रेक मारून ती सगळी ब्रेक पॅडमध्ये उष्णता म्हणून घालवायची, वर पॅडची बारीक धूळ हवेत जाते ती वेगळीच. त्यात एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. मोकळ्या रस्त्यावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो, तेवढा वेळ इंधन शून्य. पण त्यासाठी आरपीएम आयडलच्या बऱ्यापैकी वर असावा लागतो, आणि जॅममध्ये तो ८००-९०० च्या आसपासच घुटमळतो, त्यामुळे हा फुकटचा फायदा मिळतच नाही आणि गाडी थांबतानासुद्धा पेट्रोल जळत राहतं. उपाय साधा आहे, पुढच्या गाडीत थोडं अंतर पडू द्या आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, न थांबता, चालत्या माणसाच्या वेगाने सरकत राहा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे, पुढच्या सिग्नलला तोही तुमच्याबरोबरच उभा असणार आहे.

फरक पडतोय का हे बघायचं असेल तर डिस्प्लेवरचा ॲव्हरेज जॅमच्या आधी रिसेट करा आणि तोच पट्टा संपल्यावर आकडा बघा. रोजच्या रस्त्यावर दोन्ही पद्धतींनी करून बघितलं की कळतं.

तिसरी चूक: डिझेल आयडलिंगला कमी पिते म्हणून निवांत राहणे

डिझेल इंजिन उभ्या उभ्या कमी पितं हे खरं, पण प्रश्न तिथे इंधनाचा नाही, सायलेन्सरच्या तापमानाचा आहे. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड मारायला युरियाचा फवारा असतो आणि तो काम करायला एक्झॉस्ट २०० डिग्रीच्या आसपास तरी गरम लागतो. जॅममध्ये इंजिनवर लोडच नसतो, एक्झॉस्ट गार पडत जातो, मग सिस्टिम युरिया मारणं थांबवते आणि ते ऑक्साइड तसेच बाहेर जातात, कंपनीने कितीही चांगली यंत्रणा बसवली असली तरी. बस आणि ट्रकचं तर दिवसभर हेच होतं.

काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टरही असाच अडकतो, कारण आत साठलेली काजळी जाळायला ५५० ते ६०० डिग्री लागतात. गाडी मधूनच जास्तीचं डिझेल मारून स्वतः ती जाळायला घेते, तेव्हा आयडल आरपीएम थोडा चढलेला दिसतो, फॅन जोरात फिरतो, जळका वास येतो, स्टार्ट स्टॉप काम करत नाही. नेमकं त्या वेळी मात्र सिग्नलला गाडी बंद करू नका, कारण काम अर्धवट राहतं आणि जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डीपीएफची लाइट लागली तर मोकळ्या रस्त्यावर पंधरावीस मिनिटं एकसारख्या स्पीडने चालवा, किती स्पीड आणि आरपीएम ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्यानंतरही लाइट गेली नाही किंवा ब्लिंक व्हायला लागली तर परत परत पळवत बसू नका, गॅरेजला नेऊन स्कॅनर लावून काजळी किती भरलीये ते बघून घ्या.