चित्रपटासाठी क्राउडफंडिंग: उद्दिष्ट ठरवताना या चुका टाळा

क्राउडफंडिंगमधून, म्हणजे अनेकांच्या छोट्या देणग्यांतून, जमलेली रक्कम म्हणजेच चित्रपटाची रक्कम, असे समजणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे. बेळगावातील एका होतकरू चमूने खानापूरच्या जंगलपट्ट्यात लघुपट करायचे ठरवले. खर्च २,४०,००० रुपये होता, म्हणून उद्दिष्टही तेवढेच ठेवले आणि ८०० रुपये देणाऱ्या प्रत्येकाला टी-शर्ट कबूल केला. ३०० जणांनी पैसे दिले, उद्दिष्ट पूर्ण झाले आणि पेढेही वाटले गेले. मग हिशेब समोर आला. एका टी-शर्टला २८० रुपये, पॅकिंग आणि कुरिअरला १००, प्लॅटफॉर्म आणि पेमेंटचे शुल्क करासह सुमारे ८०. म्हणजे प्रत्येकी ३४० रुपये उरले आणि चित्रपटाच्या हाती १,०२,००० आले. संकलन कसेबसे झाले, पण ध्वनिमिश्रणावर काम अडले. "दादा, शर्ट पोचवण्यातच पैसे गेले बघा," असे दिग्दर्शकाने सांगितले, तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण लोकांनी पैसे चित्रपटासाठी दिले होते.

मी हिशेब उलट्या बाजूने मांडतो. शुल्काचे १० टक्के आणि दात्यांना द्यायच्या भेटवस्तूंचे १५ टक्के धरून लागणारी रक्कम ०.७५ ने भागतो. म्हणजे हातात २,४०,००० हवे असतील, तर उद्दिष्ट ३,२०,००० होते. लहान रकमांना श्रेयनामावलीत नाव, पटकथेची पीडीएफ किंवा बेळगावातील खेळाचे आमंत्रण द्यावे. छापील वस्तू मी २,५०० रुपयांच्या खाली ठेवतच नाही. चित्रपटाची खासगी लिंक कबूल केली, तर ती महोत्सवांनंतर मिळेल असे आधीच लिहावे, कारण काही महोत्सव आधी दाखवलेला चित्रपट घेत नाहीत.

यानंतर ३,२०,००० जमतील का, हे पाहावे. सरासरी ८०० धरल्यास ४०० दाते लागतात. ओळखीच्या पाचांपैकी एक जण देतो असे मी धरतो, म्हणजे पुण्या-मुंबईतील आणि गोव्यातील आपली माणसे मिळून २,००० नावे वहीत हवीत. तेवढी नसतील, तर चित्रीकरण स्वतःच्या पैशांत उरकून केवळ ध्वनी आणि रंगसंस्करणापुरती मोहीम काढावी. उद्दिष्ट गाठले नाही तर सर्व पैसे परत जातात, अशा पद्धतीच्या मोहिमेत हे अधिकच पाळावे. नावे लिहिण्याचा कंटाळा करून पोस्ट व्हायरल होण्याची वाट पाहणाऱ्यांनी मोहीम सुरूच करू नये.

टीझर दोन मिनिटांत संपवावा आणि पहिल्या पंधरा सेकंदांत चित्रपटातील दृश्य दाखवावे. सीमाभागातील बोली तशीच ठेवावी. मात्र कन्नड आणि इंग्रजी उपशीर्षके द्यावीत.

नफ्यात वाटा देण्याचे आश्वासन कधीही देऊ नये. तसे केल्यास ती देणगी न राहता गुंतवणूक ठरते आणि सेबीच्या नियमांचा प्रश्न उभा राहतो.

गावाकडच्या दात्यांवर भिस्त असेल, तर उसाचे बिल खात्यावर जमा होण्याआधी मोहीम सुरू करू नये.