इन्स्टाग्राम अकाउंट हॅक झालं? ‘रिकव्हरी एक्सपर्ट’ गाठण्याआधी या चुका टाळा

‘माझं इन्स्टाग्राम हॅक झालंय, कुणी मदत करेल का?’ असं एक्सवर इंग्रजीत लिहिलं की बऱ्याचदा मिनिटभरातच उत्तरं यायला लागतात. सगळ्यांचा सूर एकच असतो. अमुक हँडलला मेसेज करा, त्यांनी माझं अकाउंट पंधरा मिनिटांत परत मिळवून दिलं. यातली बहुतेक उत्तरं माणसं लिहीत नाहीत, ठरावीक शब्द दिसले की आपोआप उत्तर टाकणारे बॉट लिहितात. गूगलवर शोधलं तर हाच माल वेबसाइटच्या रूपात सापडतो. गेलेलं अकाउंट परत आणून देतो, नवऱ्याचं किंवा मैत्रिणीचं अकाउंट उघडून देतो, फी इतकी इतकी.

ही मंडळी काय करू शकतात ते आधी समजून घेऊ. तुमचा पासवर्ड इन्स्टाग्रामच्या सर्व्हरवर जसाच्या तसा ठेवलेला नसतो. त्याचं गणिताने केलेलं एक रूप, म्हणजे हॅश, ठेवलेलं असतं, आणि त्यावरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर लावून पासवर्ड काढतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. अकाउंट परत मिळायचे मार्ग खरं तर दोनच. एक म्हणजे इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा स्वतःच्या नोंदीत तुमचा ईमेल पुन्हा जोडते. दुसरा म्हणजे तुमच्या फोनवर किंवा ईमेलवर आलेला कोड वा लिंक कुणीतरी वापरतं. ‘एक्सपर्ट’ मेटाचा माणूस नाही. म्हणजे तो एक तर काहीच करणार नाही, नाहीतर तुमचाच कोड तुमच्याकडून काढून घेईल.

चूक पहिली: मेल बाजूला ठेवून माणूस शोधणं

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरात घरून साड्या विकणाऱ्या एका ताईंचं पेज आहे. रात्री साडेनऊला त्यांना मेल येतो की तुमच्या अकाउंटचा ईमेल बदलला आहे. हा बदल तुम्ही केला नसेल तर अकाउंट सुरक्षित करा, असं सांगणारी लिंकही त्यात असते. ताई मेल अकरा वाजता बघतात, तोही खोटाच असेल असं समजून बंद करतात आणि गूगलवर मदत शोधतात.

मेलवर संशय घेणं योग्यच होतं, फक्त तो तपासून बघायला हवा होता. इन्स्टाग्रामचे असे मेल `security@mail.instagram.com` वरून येतात. पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप करून पूर्ण पत्ता वाचायचा, आणि `@` नंतरचा भाग अक्षर न् अक्षर तोच आहे ना, ते बघायचं. पत्ता खरा असेल तर ती लिंक ही सगळ्यात जवळची वाट आहे, कारण ईमेलचा बदल तिथूनच उलटवता येतो. ताईंनी नेमकी हीच वाट सोडली.

वेबसाइटवरच्या नंबरला त्यांनी व्हॉट्सॲप केलं. आधी 1,499 रुपये ‘टूल’साठी. मग एक स्क्रीनशॉट आला, त्यात त्यांचंच युजरनेम आणि खाली ताऱ्यांनी झाकलेला पासवर्ड. ब्राउझरमध्ये उघडलेल्या कुठल्याही पानावरचा मजकूर आपल्या संगणकापुरता बदलून असा फोटो दोन मिनिटांत तयार होतो. पण ताईंना काम झाल्यासारखं वाटलं. मग 2,500 ‘सर्व्हर चार्ज’, मग टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, तोडायचे म्हणून 4,000. एकूण 7,999 रुपये गेले. पैसे भरले की एक नवीन अडचण निघते, आणि ती आधीच्या रकमेपेक्षा थोडी महाग असते. आतापर्यंत गेलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचा हप्ता भरतो, आणि यांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

चूक दुसरी: ‘आलेला कोड सांगा’

याने पैशांपेक्षा मोठं नुकसान होतं. ‘एक्सपर्ट’ ताईंचा जीमेल पत्ता मागतो आणि म्हणतो, आता सहा आकडी कोड येईल तो सांगा, अकाउंट त्याच्याशी जोडायचं आहे. तो कोड इन्स्टाग्रामचा नसतोच. त्याने तेवढ्यात गूगलवर ‘पासवर्ड विसरलो’ दाबलेलं असतं. कोणता कोड कशासाठी आहे हे मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, पण घाईत फक्त आकडे वाचले जातात. व्हॉट्सॲपचा कोड असाच मागून घेतात आणि मग तुमच्या नावाने ओळखीच्या लोकांकडे पैसे मागतात.

जीमेल गेलं की इन्स्टाग्रामची ती लिंक असलेला मेलही चोराच्या हातात जातो. असं झालंच तर लगेच `g.co/recover` उघडा. रिकव्हरीचा फोन किंवा ईमेल चोराने बदलला असला तरी बदलानंतर 7 दिवसांपर्यंत गूगल तुमच्या जुन्या नंबरावर किंवा पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. हे 7 दिवस ‘एक्सपर्ट’शी घासाघीस करण्यात घालवू नका. जीमेल परत मिळालं की सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघून घ्या. इन्स्टाग्रामचे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा किंवा थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर तिथे बसवलेला असू शकतो.

चूक तिसरी: युजरनेम टाकून ‘हॅक’ दाबणं

दुसऱ्या प्रकारच्या साइटवर माणूस नसतो, फक्त एक रकाना असतो. युजरनेम टाका, हिरवी पट्टी पुढे सरकते, ‘सर्व्हरशी जोडणी झाली’ वगैरे ओळी येतात आणि शेवटी पासवर्ड सापडल्याचं सांगितलं जातं. पट्टीमागचं काम साधारण एवढंच असतं:

```
setTimeout(() => {
  result.textContent = "Password found: ********";
}, 8000);
```

आठ सेकंद थांब आणि हे वाक्य दाखव, बस. इन्स्टाग्रामला इथे काहीही विचारलं जात नाही. अस्तित्वात नसलेलं युजरनेम टाकलं तरीही पासवर्ड ‘सापडतो’. तारे हटवायचे तर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून सर्व्हे भरायला किंवा ॲप उतरवायला सांगतात. प्रत्येक सर्व्हेमागे आणि ॲपमागे साइटवाल्याला कमिशन मिळतं. पासवर्ड कधीच दिसत नाही. प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल उतरवून तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली असेल, तर प्रकरण बँकेच्या ओटीपीपर्यंत जातं. अशा वेळी आधी नेट बंद करा, ॲप काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

चूक चौथी: ‘मेटामध्ये आमचा माणूस आहे’ यावर विश्वास

या थापेला थोडा आधार आहे, म्हणून ती खपते. युजरची अकाउंटं अंतर्गत साधन वापरून परस्पर ताब्यात घेतल्याबद्दल, काही वेळा लाच घेऊन, मेटाने दोन डझनांहून अधिक कर्मचारी व कंत्राटी कामगारांवर कारवाई केली, अशी बातमी नोव्हेंबर 2022 मध्ये आली होती. तेव्हा असं कधी घडतच नाही, असं म्हणता येत नाही. पण व्हॉट्सॲपवर 1,499 रुपये मागणाऱ्याकडे ती सोय असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि लाच देऊन परत आलेलं अकाउंट आणखी जास्त लाच देणाऱ्याकडे जायला कितीसा वेळ लागेल?

चूक पाचवी: दुसऱ्याचं अकाउंट उघडायला पैसे देणं

इथे फसवणूक झाली तर तक्रार करायचीही सोय उरत नाही, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. नवऱ्याचं अकाउंट उघडायला दिलंत ना, मग अजून पैसे पाठवा, नाहीतर हे चॅट त्यालाच दाखवतो, असं तो सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधल्या कलम 66 नुसार परवानगीविना दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम 84बी प्रमाणे असं काम करून घेणाराही चिथावणीसाठी शिक्षेला पात्र ठरतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेची एफबीआय, आपली सीबीआय आणि आणखी काही देशांच्या पोलिसांनी पैसे घेऊन ईमेल फोडणाऱ्या वेबसाइटींवर एकाच वेळी कारवाई केली. भारतातल्या अशा साइटी चालवल्याच्या आरोपावरून पुण्यातून एकाला अटक झाली. अमेरिकेत तर परदेशी हॅकरांना पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांवरही आरोप ठेवले गेले. त्यातल्या एकाने एकवीस हजार डॉलरहून जास्त रक्कम मोजली होती.

मग ताईंनी करायचं काय?

मेलमधली लिंक चालत नसेल तर `instagram.com/hacked` हा पत्ता स्वतः टाइप करायचा. शोधून आलेल्या जाहिरातीवर जायचं नाही. रोज ज्या फोनवरून आणि ज्या वायफायवरून लॉगिन व्हायचं तिथूनच हे करायचं, कारण ओळखीचं उपकरण दिसलं की पडताळणी सोपी जाते. अकाउंटवर स्वतःचे फोटो असतील तर व्हिडिओ सेल्फी मागतात, मान डावी-उजवीकडे वळवायची. ताईंच्या पेजवर फक्त साड्या आहेत, तेव्हा त्यांना हा मार्ग मिळणार नाही. त्यांना मेलवर विचारलं जाईल की अकाउंट काढताना कोणता ईमेल किंवा नंबर दिला होता, आणि तेव्हा फोन कोणता होता. ही माहिती जुने मेल आणि फोनची पावती बघून नीट जुळवा. अंदाजाने भरलेली माहिती इथे चालत नाही. उत्तराला काही दिवस लागू शकतात, आणि याला एक पैसाही फी नाही.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत ती गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा, त्यामुळे सकाळपर्यंत थांबू नका. जवळ ठेवायचं ते एवढं: यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, साइटचा पूर्ण पत्ता आणि चॅट. रागाच्या भरात चॅट उडवू नका. यानंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणणारा फोन हमखास येतो. बहुतेकदा तो त्याच टोळीचा असतो, नाहीतर तिने तुमचा नंबर विकलेला असतो.

मेटाकडून उत्तरच आलं नाही तर भारतात त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचं उत्तर पटलं नाही, तर 30 दिवसांच्या आत `gac.gov.in` वर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. तिथे तक्रारीचा क्रमांक मागतात, म्हणून अधिकाऱ्याकडून आलेली पोच जपून ठेवा.